हजार मातीच्या ब्लॉकला सिमेंट किती, माती किती : टक्केवारीपासून घमेल्यापर्यंतचा हिशोब

घर मातीच्या दाबलेल्या ब्लॉकचं बांधायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, "सिमेंट किती टक्के?" कोणी पाच सांगतं, कोणी सात, कोणी दहा. त्यापुढचा प्रश्न मात्र फारसा कोणी नीट सोडवून देत नाही. सात टक्के म्हणजे हजार ब्लॉकला गोण्या किती, मातीचे ट्रॅक्टर किती आणि मिक्स करताना कामगाराने नेमकी किती घमेली टाकायची? मी हे सगळं स्वतःच्या बांधकामात केलं आहे. नवख्या माणसाचा गोंधळ कुठे होतो ते माहीत आहे, म्हणून एकच उदाहरण घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवून दाखवतो.

उदाहरण कोल्हापूर जिल्ह्याच्या घाटाकडच्या पट्ट्यातलं आहे, म्हणजे आजरा-चंदगडकडची जांभ्याच्या जातीची तांबडी माती, जोडीला काळ्या दगडाच्या क्रशरची डस्ट, आणि हाताने दाबायचं मशीन. देशावरची काळी माती यासाठी घेऊच नका. ती पाण्याने फुगते, वाळली की भेगाळते, आणि तिला बांधून ठेवायला सिमेंट कितीही घातलं तरी पुरत नाही. जांभ्याच्या तांबड्या मातीतली चिकणमाती फारशी फुगत नाही, म्हणून सिमेंट तिच्याशी नीट जमतं.

## काय काय लागेल

वजनाचा काटा लागेल, पन्नास-शंभर किलोचा, लटकवायचा डिजिटल चालेल. स्वयंपाकघरातला एक-एक ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागेल. १० लिटरची प्लास्टिकची बादली घ्या, पण ती खरंच १० लिटरची आहे का ते पाणी वजन करून तपासा, कारण बाजारातल्या बादल्यांवरचा आकडा बहुधा काठोकाठचा असतो. याशिवाय साधारण पाच मिलिमीटरची चाळण, जुना तवा, मोजपट्टी, काचेची उभी बरणी आणि एक वही.

कागदपत्रांत दोन गोष्टी आहेत. माती खोदायची आणि न्यायची असेल तर तहसील कार्यालयाकडून गौण खनिजाची परवानगी काय लागते ते आधी विचारून घ्या. माती किंवा डस्ट विकत घेत असाल तर गाडीबरोबर वाहतुकीचा पास आणि स्वामित्वधनाची पावती मागून घ्या. रस्त्यात गाडी अडली तर ट्रॅक्टरवाला तुमच्याकडेच बोट दाखवतो. आणि भारतीय मानक आयएस १७२५ याच ब्लॉकसाठी आहे. अभियंत्याशी किंवा प्रयोगशाळेशी बोलताना हा क्रमांक सांगितला की पुढचं बोलणं सोपं होतं.

## १. आधी एका ब्लॉकचं कोरडं वजन ठरवा

सगळा हिशोब या एका आकड्यावर उभा आहे. टक्केवारीवर लोक तासभर वाद घालतात आणि हा आकडा मात्र अंदाजाने धरतात.

मशीनच्या साच्याची मापं घ्या. आपल्या उदाहरणात ब्लॉक २३० × १९० × १०० मिलिमीटरचा आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत या तंत्रावर जे काम झालं, त्यातून कर्नाटकात हे माप रुळलं आणि सीमेलगतच्या भागात तशी मशीनं मिळतात. तुमचं मशीन ऑरोविलच्या धाटणीचं असेल तर माप वेगळं असेल, उदाहरणार्थ २४० × २४० × ९०. आकडे बदलतील, रीत तीच.

२३ × १९ × १० सेंटिमीटर म्हणजे ४३७० घन सेंटिमीटर, म्हणजे ४.३७ लिटर. चांगला दाबलेला ब्लॉक वाळल्यावर लिटरमागे १.७५ ते १.८५ किलो भरतो. आपण १.८ धरू. म्हणजे एका ब्लॉकचं कोरडं वजन ४.३७ × १.८ = ७.८७ किलो, आणि हजार ब्लॉकचं ७८६६ किलो. यात माती, डस्ट आणि सिमेंट सगळं आलं. पाणी आलेलं नाही.

ब्लॉकला मधे खळगा किंवा आरपार भोकं असतील तर तेवढं आकारमान वजा करा. साच्याचं माप कागदावरून घेऊ नका. हाताच्या मशीनवर साचा जास्त भरला तर झाकण पूर्ण खाली बसत नाही आणि १०० मिलिमीटरऐवजी १०४ मिलिमीटरचा ब्लॉक निघतो. दिसायला काहीच फरक नसतो, पण माल चार टक्के जास्त जातो, म्हणजे हजारी जवळजवळ अर्धी गोणी सिमेंट. म्हणून पहिल्या घाण्यातले दहा ब्लॉक मोजा आणि त्यांची सरासरी घ्या.

## २. टक्के कशाचे, ते विचारून घ्या

"सात टक्के सिमेंट" याचे तीन अर्थ लावले जातात आणि तिन्हींच्या गोण्या वेगवेगळ्या येतात.

पहिला अर्थ, कोरड्या मातीच्या वजनाच्या सात टक्के. १०० किलो कोरडी माती, त्यात ७ किलो सिमेंट, एकूण १०७. दुसरा, एकूण कोरड्या मिश्रणाच्या सात टक्के, म्हणजे ९३ किलो माती आणि ७ किलो सिमेंट. तिसरा, घमेल्याने, एका घमेल्याला चौदा घमेली. हा साइटवर सर्वांत जास्त चालतो आणि सर्वांत जास्त फसवतो.

मी पहिला अर्थ धरून लिहितो आहे. सूत्र असं :

हजार ब्लॉकची कोरडी माती = हजार ब्लॉकचं कोरडं वजन ÷ (१ + टक्के ÷ १००)

सिमेंट = कोरडी माती × टक्के ÷ १००

सात टक्क्यांसाठी माती ७८६६ ÷ १.०७ = ७३५१ किलो आणि सिमेंट ५१५ किलो, म्हणजे ५० किलोच्या १०.३ गोण्या. हेच सात टक्के एकूण मिश्रणावर धरले तर सिमेंट ५५१ किलो होतं, म्हणजे ११ गोण्या. हजारी पाऊण गोणीचा फरक आहे. घराला सहा हजार ब्लॉक लागणार असतील तर चार गोण्यांहून जास्त. प्रयोगशाळेचा अहवाल हातात आला की आधी हेच विचारा, टक्के मातीवर आहेत की मिश्रणावर.

याच ब्लॉकसाठी वेगवेगळ्या प्रमाणांचा तक्ता :

| सिमेंट (मातीच्या वजनाच्या) | कोरडी माती व डस्ट मिळून | सिमेंट | गोण्या |
|---|---|---|---|
| ५ टक्के | ७४९१ किलो | ३७५ किलो | ७.५ |
| ६ टक्के | ७४२१ किलो | ४४५ किलो | ८.९ |
| ७ टक्के | ७३५१ किलो | ५१५ किलो | १०.३ |
| ८ टक्के | ७२८३ किलो | ५८३ किलो | ११.७ |
| १० टक्के | ७१५१ किलो | ७१५ किलो | १४.३ |

घमेल्याचा घोळ असा, की सैल सिमेंटचं वजन ते कसं ओतलं यावर बदलतं. नुकतं ओतलेलं फुगीर असतं, हलवून भरलेलं घट्ट. माती ओली झाली की तिचं घमेलंही वेगळं भरतं. "एकास चौदा" म्हणून सुरू केलेलं मिश्रण सकाळी सहा टक्के आणि दुपारी साडेआठ टक्के होऊ शकतं. त्यामुळे सिमेंट नेहमी गोणीने किंवा अर्ध्या गोणीने घ्या. माती बादलीने मोजा, पण त्या बादलीचं वजन माहीत करून.

## ३. टक्के निवडण्याआधी माती सुधारा

सिमेंट घातलेला ब्लॉक चांगला होण्यासाठी मातीत वाळूसारखा रवाळ भाग ६० ते ७० टक्के आणि चिकणमाती साधारण १० ते १५ टक्के असावी. तांबड्या मातीत चिकणमाती बहुधा यापेक्षा जास्त निघते. ती जास्त असली की सिमेंट तिचे कण धरून ठेवण्यातच खर्ची पडतं. मग लोक सिमेंट वाढवतात. डस्ट मिसळून चिकणमाती खाली आणणं त्याहून पुष्कळ स्वस्त पडतं.

ढोबळ अंदाजासाठी बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून खूप हलवा आणि ठेवून द्या. रेती मिनिटभरात तळाला बसते, गाळ त्यावर, आणि चिकणमाती सर्वांत उशिरा, कधी दुसऱ्या दिवशी. पण चिकणमातीचा थर पाण्यात फुगून बसलेला असतो, त्यामुळे बरणीतला आकडा वजनाचा आकडा म्हणून वापरू नका. नमुना जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत देऊन कणांची विभागणी काढून घ्या. घराच्या खर्चात हा खर्च दिसतही नाही.

नमुना वरच्या मातीचा देऊ नका. वरची फूट-दीड फूट माती बाजूला काढायचीच असते, कारण तिच्यात मुळं आणि कुजलेला पाला असतो आणि त्याने सिमेंट नीट धरत नाही. ती माती परसात टाका, फणस चांगला येईल.

आपल्या उदाहरणात मातीत २४ टक्के चिकणमाती निघाली असं धरू. डस्टमध्ये चिकणमाती जवळजवळ नसते, दगडाची बारीक पूड असते, ती वेगळी. वजनाने ६० भाग माती आणि ४० भाग डस्ट घेतली तर चिकणमाती २४ × ०.६ = १४.४ टक्क्यांवर येते. एवढी पुरे. आणखी डस्ट वाढवून चिकणमाती दहाच्या खाली नेलीत तर साच्यातून काढताना ब्लॉकच्या कडा बोटाखाली सुटायला लागतात, कारण ताज्या ब्लॉकला उभं धरण्याचं काम चिकणमातीच करते. सिमेंट तेव्हा अजून काहीच करत नसतं.

## ४. आता टक्के ठरवा, तेही ओल्या ब्लॉकवर

६०:४० चं मिश्रण घेऊन पाच, सात आणि नऊ टक्क्यांचे थोडे थोडे ब्लॉक दाबा, महिनाभर ओले ठेवा आणि मग दिवसभर पाण्यात बुडवून ओलेच प्रयोगशाळेत चिरडून घ्या. कोरडा ब्लॉक कोणताही ताकदवान वाटतो, नुसत्या मातीचाही. भिजल्यावर किती उरतं ते बघायचं असतं. घरी पारख करायची असेल तर भिजलेल्या ब्लॉकची कड अंगठ्याने दाबून आणि खिळ्याने ओरखडून बघा. पाण्यात मातीचा साका बसला असेल आणि कड दबत असेल तर ते प्रमाण बाद.

भार घेणाऱ्या भिंतींसाठी सात-आठ टक्क्यांवर बहुतेक लोक थांबतात. पाचाच्या खाली सहसा जात नाहीत. दहाच्या वर जावं लागत असेल तर चूक मातीत आहे, तिसऱ्या पायरीकडे परत जा. जवळपास दुसरी माती नसेल आणि हीच फार चिकट असेल तर चुन्याचा विचार करा, पण त्याचे प्रमाण आणि ओलं ठेवण्याचे दिवस वेगळे, हा हिशोब त्याला लावू नका.

एक गोष्ट आकड्यांनी पटते. ब्लॉक १.८ ऐवजी १.७ घनतेचा निघत असेल, तर हजारी वजन ७४२९ किलो होतं आणि सात टक्क्यांनी सिमेंट ४८६ किलो लागतं. म्हणजे दाब कमी ठेवून सिमेंट वाचतं फक्त २९ किलो, आणि ब्लॉकची ताकद मात्र चांगलीच घसरते. उलट, पाच टक्क्यांवरून आठवर गेलात तर २०८ किलो म्हणजे चार गोण्यांहून जास्त सिमेंट वाढतं. त्यामुळे ब्लॉक कच्चा वाटला की आधी साच्यातलं भरण आणि दाब बघा, गोणी नंतर फोडा.

## ५. कोरड्या किलोचं ओल्या बादलीत रूपांतर

इथपर्यंतचे सगळे आकडे कोरड्या मातीचे आहेत, आणि साइटवर कोरडी माती नसते.

चाळलेली माती छोट्या काट्यावर ५०० ग्रॅम घ्या आणि मंद आचेवर तव्यात हलवत भाजा. वर आरसा धरून वाफ धरायची थांबली, आणि दोन वेळा वजन केल्यावर तेच आलं, की झालं. समजा ४७२ ग्रॅम उरली. २८ ग्रॅम पाणी गेलं. ओल काढताना २८ ला ४७२ ने भागा, ५०० ने नाही. उत्तर जवळजवळ ६ टक्के. डस्टची ओल २ टक्के निघाली असं धरू.

मग बादली वजन करा. चाळलेली माती न ठोकता भरून, वर पट्टी फिरवून १२.२ किलो भरली. डस्ट १६ किलो भरली. तुमचे आकडे निराळे येतील, ते तुम्हीच काढायचे आहेत.

हजार ब्लॉकला कोरडा माल ७३५१ किलो. त्यातली ६० टक्के माती ४४११ किलो. ओलीसकट ४४११ × १.०६ = ४६७६ किलो, म्हणजे ३८३ बादल्या, म्हणजे ३.८३ घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. म्हणून चाळलेली माती १.३५ ब्रास. डस्ट कोरडी २९४० किलो, ओलीसकट २९९९ किलो, म्हणजे १८७ बादल्या, ०.६६ ब्रास.

मातीत चाळणीवर गोटे आणि ढेकळं निघतात. शंभर किलो चाळून बघा. १५ किलो वर राहत असतील तर १.३५ ला ०.८५ ने भागा, म्हणजे हजारी जवळपास १.६ ब्रास माती मागवावी लागेल. ढेकळं चाळणीवर घासून खाली उतरवली तर निघणारा भाग कमी होतो, पण ती फोडलीच पाहिजेत. फोडायची टाळली तर ब्लॉकच्या आत सिमेंट न पोचलेले मातीचे गोळे राहतात आणि पहिल्या पावसाळ्यात भिंतीवर तिथेच खड्डे पडतात.

स्वतःच्या शेतात खड्डा काढत असाल तर आणखी एक भानगड आहे. खड्ड्यातली एक ब्रास ट्रॉलीत साधारण सव्वा ब्रास भरते. जेसीबीवाला खड्डा मोजतो, ट्रॅक्टरवाला ट्रॉली मोजतो. दोघांचं खरं असतं आणि तुमचा हिशोब जुळत नाही. ठरवतानाच कोणतं माप ते बोलून घ्या.

## ६. पाणी

चांगला ब्लॉक दाबायला मिश्रणात कोरड्या वजनाच्या १० ते १२ टक्के पाणी लागतं. ११ टक्के धरलं तर हजार ब्लॉकला ७८६६ × ०.११ = ८६५ लिटर. पण मातीत आधीच २६५ लिटर आणि डस्टमध्ये ५९ लिटर बसलेलं आहे. वरून घालायचं उरतं ५४१ लिटर. हे फक्त मिसळायचं पाणी. ब्लॉक ओले ठेवायला जे लागतं ते वेगळं आणि कितीतरी जास्त.

आकडा अंदाजापुरता, खरी परीक्षा मुठीची. मिश्रण मुठीत घट्ट दाबून गोळा करा आणि छातीच्या उंचीवरून कडक जमिनीवर सोडा. चार-पाच तुकडे झाले तर पाणी बरोबर. भुगा झाला तर कमी. थापल्यासारखा बसला तर जास्त. पाणी जास्त झालं की साच्यात दाब बसत नाही आणि ब्लॉक झाकणाला चिकटून वर येतो.

## ७. एका घाण्याचा हिशोब

हजारांचा आकडा खरेदीला चालतो. कामगारांना सांगायचा असतो एका घाण्याचा. सिमेंटला पाणी लागलं की वेळ सुरू होतो. मिश्रण शक्यतो तासाभरात दाबून संपायला हवं, म्हणून पूर्ण गोणी एकदम कालवू नका. अर्धी गोणी, २५ किलो, हा बरा घाणा. टीम नवी असेल तर पाव गोणी.

अर्ध्या गोणीला कोरडी माती आणि डस्ट मिळून २५ ÷ ०.०७ = ३५७ किलो. त्याचं आपल्या बादल्यांत असं होतं :

- तांबडी माती साडेअठरा बादल्या
- डस्ट नऊ बादल्या
- सिमेंट अर्धी गोणी, वजन करून
- पाणी सुमारे २६ लिटर, शेवटचे तीन-चार लिटर मुठीची परीक्षा बघून

आधी माती आणि डस्ट कोरडी उलटवा, मग त्यावर सिमेंट पसरून रंग एकसारखा होईपर्यंत उलटवा, आणि नंतर पाणी झारीने शिंपडा. पाइपने सोडलेलं पाणी गोळे करतं. अर्ध्या बादलीचा हिशोब कामगार विसरतात, त्यामुळे मी बादलीच्या आत रंगाने अर्ध्याची खूण करून ठेवायला सांगतो.

रोज सकाळी ओल पुन्हा बघायची. समजा रात्री पाऊस पडला आणि मातीची ओल ६ वरून १० टक्के झाली. आता तेवढीच कोरडी माती हवी असेल तर बादली पुन्हा वजन करा. ती १२ किलो भरली तर साडेअठराऐवजी साधारण साडेएकोणीस बादल्या टाकाव्या लागतील आणि पाणी २६ वरून १८ लिटरच्या आसपास येईल. हा बदल केला नाही तर माती कमी पडते, सिमेंटचं प्रमाण चढतं आणि मिश्रण चिखल होतं. ढिगावर ताडपत्री टाकली तर ही कटकट अर्धी कमी होते.

## ८. हिशोब बरोबर बसतो का, हे मशीनजवळच कळतं

दोन खुणा आहेत.

पहिली, ताज्या ब्लॉकचं वजन. कोरडं ७.८७ किलो आणि ११ टक्के पाणी म्हणजे साच्यातून निघालेला ब्लॉक ८.७ किलोच्या आसपास भरायला हवा. मशीनशेजारी काटा ठेवा आणि साच्यात टाकायचं मिश्रणच प्रत्येक वेळी वजन करून टाका. वेळ थोडा जास्त जातो, पण ब्लॉक एकाच उंचीचे आणि एकाच घनतेचे निघतात. एखादा ब्लॉक ८.२ किलोचा निघाला तर ८.२ ÷ १.११ ÷ ४.३७ म्हणजे त्याची घनता १.६९ आहे. त्याला वेगळा ठेवा, कंपाउंडच्या भिंतीला वापरा.

दुसरी, अर्ध्या गोणीतून निघालेले ब्लॉक. आपल्या हिशोबाने प्रत्येक ब्लॉकमध्ये ०.५१५ किलो सिमेंट जातं, म्हणजे अर्ध्या गोणीत ४८ ब्लॉक निघाले पाहिजेत. ५२ निघाले म्हणून मिस्त्री खूश होईल, पण त्याचा अर्थ ब्लॉक हलके आहेत किंवा घाण्यात माती जास्त पडली. ४४ निघाले तर ब्लॉक उंच होत आहेत किंवा माती कमी पडली. कोणतं कारण ते ब्लॉक मोजून आणि वजन करून लगेच कळतं. वहीत तारीख, मातीची ओल, बादल्या, निघालेले ब्लॉक आणि एका ब्लॉकचं वजन, एवढ्या पाच नोंदी रोज ठेवा.

ब्लॉकवर मजुरी नगावर ठरली असेल तर ५२ ची सवय फार लवकर लागते. मी मजुरी घाण्यावर ठरवावी या मताचा आहे.

## ९. खरेदीची यादी

साच्यातून काढताना, उचलताना आणि रचताना ब्लॉक फुटतात. नव्या टीमला पाच टक्के धरा. सात टक्के सिमेंट आणि सहा हजार चांगले ब्लॉक हवे असतील तर :

- सिमेंट : १०.३ × ६ × १.०५ म्हणजे ६५ गोण्या
- न चाळलेली तांबडी माती : १.६ × ६ × १.०५ म्हणजे सुमारे १० ब्रास
- डस्ट : ०.६६ × ६ × १.०५ म्हणजे सव्वाचार ब्रासच्या आत

माती सगळी एकाच खड्ड्यातून आणि शक्यतो एकदमच आणा. दुसऱ्या खड्ड्याची माती आली की चिकणमातीचं प्रमाण बदलतं आणि तिसऱ्या पायरीपासून पुन्हा सुरू करावं लागतं. सिमेंट मात्र ६५ गोण्या एकदम आणू नका. हाताच्या मशीनवर पाच-सहा माणसं दिवसाला चारशेच्या आसपास ब्लॉक काढतात, म्हणजे दिवसाला चार-सव्वाचार गोण्या. आठवड्याच्या पंचवीस-तीस गोण्या आणा, गोणीवरचा तयार झाल्याचा आठवडा वाचा आणि जुन्या गोण्या आधी फोडा. कोकणाच्या आणि घाटाच्या दमट हवेत भिंतीला टेकवून, जमिनीवर ठेवलेली गोणी कडेने कडक होते. गाठी चाळून काढल्या तरी उरलेल्या सिमेंटला मूळचा जोर राहत नाही. तक्त्यातले सात टक्के तेव्हा प्रत्यक्षात सात राहत नाहीत.

दुकानात बहुधा पीपीसी सिमेंट मिळेल. ते चालतं, पण सावकाश ताकद धरतं. ब्लॉक काढल्यावर पहिले दोन दिवस प्लास्टिकखाली झाकून ठेवा, पाणी मारू नका, कारण ताज्या ब्लॉकवर धार पडली की कडा धुऊन जातात. त्यानंतर झारीने रोज ओले करत २८ दिवस सावलीत ठेवा, आणि पुढे वाळल्यावरच भिंतीला घ्या. जागेचा विचार आधीच करा. दिवसाला चारशे ब्लॉक, ते महिनाभर हलणार नाहीत, म्हणजे एका वेळी दहा हजारांपर्यंत ब्लॉक रचायची सोय लागू शकते. सहा हजारांच्या आपल्या घराला, कामाचे दिवस पंधरा-सोळा धरले तर, सगळेच्या सगळे ब्लॉक एकाच वेळी अंगणात असतील.